शिवण, बोटे आणि मनगट

फिरकी गोलंदाजाने चेंडू सोडला की चांगला फलंदाज आधी त्याचे मनगट पाहतो आणि मग हवेतली शिवण. चेंडू कोणत्या बाजूला वळणार, हे या दोन गोष्टींवरून बरेचसे कळते. इथे गोलंदाज आणि फलंदाज दोघेही उजव्या हाताचे धरले आहेत.

ऑफस्पिनमध्ये मुख्य काम बोटांचे असते. तर्जनी आणि मधले बोट एकमेकांपासून शक्य तितके फाकवून शिवणीवर आडवे टेकवतात. चेंडू खालून अनामिकेवर विसावतो. सोडताना तर्जनी चेंडूच्या उजव्या कडेवरून खाली ओढली जाते आणि हात बरणीचे झाकण लावल्यासारखा उजवीकडे वळतो. शिवण साधारण लेग स्लिपकडे तोंड करून फिरते आणि टप्प्यानंतर चेंडू ऑफकडून आत येतो.

लेगस्पिनची पकड वरवर तशीच वाटते, पण तिथे पहिली दोन बोटे वर आणि दुमडलेली अनामिका शिवणीला लागून असते. झटका मुख्यतः अनामिका आणि मनगट देतात, तोही उलट दिशेने, झाकण उघडल्यासारखा. शिवण स्लिपकडे झुकते आणि चेंडू बाहेर जातो. चेंडू तळहातात घट्ट धरला, तर बोटांना फिरवायला जागाच उरत नाही. नवशिक्यांची ही नेहमीची चूक.

लेगस्पिनची खरी गंमत अशी की पकड न बदलता चेंडू बदलतो. मनगट आणखी वळवून शिवण सरळ यष्ट्यांकडे रोखली की टॉपस्पिन होतो. तो अपेक्षेआधीच खाली पडतो आणि जास्त उसळतो. मनगट त्याहीपुढे वळून हाताची मागची बाजू फलंदाजाकडे आली की तोच चेंडू गुगली होऊन आत वळतो. मुंबईचे सुभाष गुप्ते तर दोन वेगवेगळ्या गुगली टाकत.

४ जून १९९३ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर शेन वॉर्नने माइक गॅटिंगला टाकलेला चेंडू लेगब्रेकच होता. अॅशेस मालिकेतला त्याचा तो पहिलाच चेंडू. जोरात फिरणारा चेंडू आपल्याभोवतीची हवा एका बाजूला ढकलतो आणि स्वतः दुसऱ्या बाजूला सरकतो. म्हणून तो आधी हवेतच लेगकडे वाहत गेला. लेग स्टंपच्या बाहेर पडल्यावर शिवणीने खेळपट्टी पकडली, आणि चेंडू बॅटला चकवून ऑफ स्टंपच्या माथ्यावर आदळला.

शिवण प्रत्येक वेळी जमिनीला लागतेच असे नाही. मनगट चेंडूखालून गेले तर तो भोवऱ्यासारखा उभ्या अक्षाभोवती फिरतो, गुळगुळीत चामड्यावर पडतो आणि जवळपास सरळ निघून जातो. सरावात हे ओळखायला अर्ध्या भागाला वेगळा रंग दिलेला चेंडू वापरतात. फिरताना दोन रंगांमधली रेघ स्थिर दिसली तर झटका नीट बसला. ती डगमगत असेल तर बोटे शिवणीवरून घसरली आहेत.