मुद्दल परत कोणत्या भावाने?

दोन कंपन्यांनी निरनिराळ्या चलनांतील मुद्दल आणि व्याज यांची अदलाबदल करण्याचा करार केला, की ती हुंडणावळीच्या चढउतारावर लावलेली पैज होय आणि त्यात एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः १९८१ साली आयबीएमने आपल्या स्विस फ्रँक व जर्मन मार्कांतील देण्यांचा भार जागतिक बँकेवर सोपवून तिच्या डॉलरमधील देण्याचा भार स्वतःकडे घेतला, तेव्हापासून विख्यात झालेल्या या व्यवहारात उभयपक्षी लाभ संभवतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. डॉलरचा भाव ८० रुपये असताना एका भारतीय कंपनीला अमेरिकेतील कारखान्यासाठी १ कोटी डॉलर हवे आहेत आणि एका अमेरिकन कंपनीला चाकणच्या कारखान्यासाठी ८० कोटी रुपये. भारतीय कंपनीस रुपये ९ टक्के व्याजाने, पण डॉलर ८ टक्क्यांनी मिळतात. अमेरिकन कंपनीस डॉलर ६ टक्क्यांनी, पण रुपये १० टक्क्यांनी. सबब प्रत्येकीने आपापल्या देशात कर्ज काढून मुद्दलाची अदलाबदल केली. पुढे पाच वर्षे भारतीय कंपनी दरसाल ६ लाख डॉलर देते, अमेरिकन कंपनी ७ कोटी २० लाख रुपये देते, आणि त्यांतून दोघींच्या मूळ सावकारांचे व्याज भागते. पहिलीचे वर्षाला २ लाख डॉलर वाचले, दुसरीचे ८० लाख रुपये.

मुदतीअखेर मुद्दल त्या दिवशीच्या बाजारभावाने फिरते, हा दुसरा गैरसमज. डॉलर ९५ रुपयांवर गेला तरी १ कोटी डॉलर देऊन ८० कोटी रुपयेच परत घ्यावयाचे असतात. यात भारतीय कंपनी १५ कोटींना बुडाली असे वरकरणी भासेल. परंतु तिची मिळकत डॉलरमध्येच असल्याने ती परतफेडही डॉलरमधूनच करते. ज्या कंपनीस डॉलरची मिळकत नाही, तिने मात्र हा करार करताना दहादा विचार करावा.

प्रतिपक्षाचे दिवाळे निघाले तर सारे मुद्दल बुडते, ही भीतीही अवास्तव आहे. मूळ सावकाराचे ८० कोटी भारतीय कंपनीला चुकत नाहीत हे खरे, पण प्रतिपक्षाला द्यावयाचे १ कोटी डॉलर तिच्याच हाती असतात. अखेरीस डॉलर ७० वर उतरला असेल तर त्यांचे ७० कोटी होऊन तूट १० कोटींचीच राहते, आणि ९५ वर असेल तर तूट मुळीच नाही; उलट करारात हिशेब मिटवण्याचे कलम असल्यास फरकाचे १५ कोटी दिवाळखोराच्या खाती भरावे लागतात. भावातील फरक वेळोवेळी मोजून त्याप्रमाणे तारण मागण्याची तजवीज करारात करतात, ती याचसाठी.