आवाज बरोबर, अक्षर चूक

चिनी भाषेत ‘विकत घेणे’ आणि ‘विकणे’ या दोन्ही क्रियापदांचा उच्चार ‘माय’ असाच होतो. फरक आहे तो सुराचा. घेण्याचा ‘माय’ खाली जाऊन वर येतो, तर विकण्याचा वरून खाली कोसळतो. लिहिताना घोळ होण्याचे कारण नाही, कारण अक्षरे वेगळी आहेत: घेणे 买, विकणे 卖. पण संगणकावर टंकताना हा फरक कळपाटावर उमटतच नाही. चिनी व्हिडिओंखालच्या पट्टीत ज्या चुका सतत दिसतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ इथे आहे.

आज बहुसंख्य चिनी माणसे पिनयिन पद्धतीने टंकतात. पिनयिन म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत. चीनच्या राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेने ती १९५८ साली मंजूर केली आणि झोऊ योउगुआंग हे तिच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक. कळपाटावर उच्चाराची रोमन अक्षरे दाबली की पडद्यावर त्या उच्चाराच्या चिनी अक्षरांची क्रमांक लावलेली यादी येते. हवे त्याचा क्रमांक दाबायचा. पहिलेच हवे असेल तर स्पेस दाबून पुढे जायचे. सूर सहसा कोणी टंकत नाही. सूर वगळले तर प्रमाण चिनी भाषेत वेगवेगळे उच्चार उरतात सुमारे ४००. चीन सरकारने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या प्रमाण यादीत अक्षरे आहेत ८१०५. म्हणजे सरासरी एका उच्चारामागे वीसेक अक्षरे रांगेत उभी.

एक वाक्य घेऊन पाहू. संवादलेखक ऐकतो, ‘त्याने घर विकले’, आणि सवयीने सलग टंकतो: tamailefangzi. ‘तो’ आणि ‘ती’ या दोघांचा उच्चार ‘ता’च असल्यामुळे या एकाच कळमाळेतून चार वाक्ये निघतात:

```
他买了房子   त्याने घर घेतले
他卖了房子   त्याने घर विकले
她买了房子   तिने घर घेतले
她卖了房子   तिने घर विकले
```

चारही व्याकरणाला धरून आहेत. टंकनाचे सॉफ्टवेअर कोणते वाक्य आधी सुचवणार, हे ठरते कोणते शब्द एकत्र जास्त वेळा येतात आणि या लेखकाने पूर्वी काय निवडले होते, यावरून. पट्टी लिहिणारा घाईत असतो. कान पुढच्या संवादाकडे आणि अंगठा स्पेसवर. यादीतले पहिले वाक्य तसेच उतरते.

सगळ्या चुका इतक्या घातक नसतात. सर्वात जास्त दिसणारी जोडी म्हणजे 再 (पुन्हा, मग) आणि 在 (असणे, -मध्ये). दोन्हींचा उच्चार ‘त्साय’ आणि इथे सूरसुद्धा एकच. ‘नंतर बघू’ या अर्थाचे 以后再说 हे रोजच्या बोलण्यातले वाक्य पट्टीत अनेकदा 以后在说 असे अवतरते. चिनी प्रेक्षक ते मनात ‘वाचतो’, म्हणजे खरे तर ऐकतो, आणि अडखळत नाही. चिनी शिकणारा परका वाचक मात्र शब्दकोश उघडून बसतो, कारण त्याच्यापुढे अर्थ न लागणारी अक्षरे असतात.

बोलीचा रंगही यात मिसळतो. दक्षिण चीनमधल्या अनेकांच्या तोंडी ‘च्ह’ आणि ‘त्स्ह’, ‘श’ आणि ‘स’ हे वेगळे राहत नाहीत. त्यांच्या सोयीसाठी सॉफ्टवेअरमध्ये जवळचे उच्चार एकत्र धरण्याची सोय असते. ती चालू केली की tuici टंकल्यावर ‘नम्रपणे नाकारणे’ 推辞 याच्यासोबत ‘पुढे ढकलणे’ 推迟 हेही यादीत येते. बैठकीला यायला नकार देणारे पात्र पट्टीत बैठक पुढे ढकलून मोकळे होते.

चूक पिनयिनचीच आहे हे ओळखता येते. वांग योंगमिन यांनी १९८३ मध्ये आणलेली ‘वुबी’ पद्धत उच्चार बाजूला ठेवून अक्षराच्या अवयवांवर चालते. तिच्यात हात चुकला तर येणाऱ्या चुकीच्या अक्षराचा उच्चाराशी काही संबंध असेलच असे नाही. उलट, चुकलेले वाक्य मोठ्याने म्हटल्यावर बरोबर लागत असेल, तर संशय उच्चारावरून टंकणाऱ्यावर घ्यावा. फोनवर रोमन अक्षरांतून मराठी टंकणाऱ्यांना हे अनोळखी वाटणार नाही: kal दाबले की ‘काल’, ‘काळ’ आणि ‘कळ’ तिघेही दावेदार असतात.

दुसरा घोटाळा ओळ मोडण्याचा, आणि तो पहिल्याचा सख्खा भाऊ आहे. चिनी लिखाणात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, त्यामुळे एक शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने ताडायचे असते. हीच अडचण टंकतानाही येते. fangan या कळा ‘फांग-आन’ अशा तोडल्या तर आराखडा 方案, आणि ‘फान-गान’ अशा तोडल्या तर तिटकारा 反感. पट्टीत भर पडते ती विरामचिन्हांच्या रिवाजाची. चिनी पट्ट्यांमध्ये स्वल्पविराम आणि पूर्णविराम सहसा देत नाहीत; त्यांच्या जागी थोडी जागा सोडतात. अशा वेळी ओळ जिथे तुटते, तिथेच डोळा थांबतो. आता हा नमुना पाहा:

```
乒乓球
拍卖完了

乒乓球拍
卖完了
```

अक्षरे तीच सात आणि क्रमही तोच. वरच्या जोडीत तिसऱ्या अक्षरानंतर ओळ मोडली, तर अर्थ होतो, ‘टेबल टेनिसच्या चेंडूंचा लिलाव संपला.’ खाली चौथ्यानंतर मोडली, तर ‘टेबल टेनिसच्या बॅटी विकून संपल्या.’ दुकानदाराच्या तोंडी दुसरे वाक्य असणार हे उघड आहे. पण आपोआप ओळ मोडणारी साधी सोय पडद्याची रुंदी आणि अक्षरांची संख्या मोजते. शब्द तिला दिसत नाही. नानजिंगच्या प्रसिद्ध पुलाचे नावही असेच खोडीचे आहे. 南京市长江大桥 मध्ये 市 नंतर थांबले तर ‘नानजिंग शहराचा यांगत्से महापूल’, आणि एक अक्षर पुढे थांबले तर ‘नानजिंगचे महापौर जिआंग दाछिआव’!

या चुका टिकतात कशा? एक तर तपासणारा स्वतःच लिहिणारा असतो. तो व्हिडिओ चालू ठेवून वाचतो, कानावर बरोबर संवाद पडत असतो आणि डोळे कानाच्या मागे जातात. दुसरे म्हणजे चिनी संकेतस्थळांवर पट्टी बहुधा चित्रातच छापून टाकतात. चूक दुरुस्त करायची तर अख्खा व्हिडिओ नव्याने तयार करून चढवावा लागतो. मग बिलिबिलीसारख्या ठिकाणी प्रेक्षकच चित्रावरून धावणाऱ्या शेऱ्यांत बरोबर अक्षर लिहून जातात.

काळजीने काम करणारे गट म्हणूनच तपासणी दुसऱ्याकडे देतात आणि एक फेरी आवाज बंद ठेवून करतात. 在 आणि 再, किंवा ‘दे’ या एकाच उच्चाराची 的, 地, 得 ही तीन अक्षरे, अशा नेहमीच्या जोड्या फाइलमध्ये शोधून एकेक पाहतात. लांब वाक्य शब्दाच्या सीमेवर स्वतः मोडतात आणि 的 किंवा 了 यासारखे एकटे अक्षर ओळीच्या सुरुवातीला पडू देत नाहीत. शब्दतपासणीचे सॉफ्टवेअर 以后在说 पकडू शकते. घर घेतले की विकले, हे मात्र त्याला कळत नाही, कारण दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत. त्यासाठी कथेत पुढे त्या घरात कोण राहते, हे माहीत असलेला माणूसच लागतो.