एका परिच्छेदातली हरवलेली माणसे

समाजशास्त्राच्या नियतकालिकांत ज्या तऱ्हेचे परिच्छेद भेटतात, त्यांचा एक नमुना मी खाली रचला आहे. विषय आहे सांस्कृतिक भांडवल. वाचताना दम लागला तर तो दोष वाचकाचा नाही.

‘अंगभूत सांस्कृतिक भांडवलाचे कुटुंबांतर्गत हस्तांतरण दीर्घकालीन व बहुतांशी अनुद्दिष्ट अशा समाजीकरणातून घडत असल्याने आर्थिक भांडवलाच्या हस्तांतरणाच्या तुलनेत ते अदृश्य राहते, परिणामी, प्रभुत्वशाली वर्गाच्या भाषिक व अभिरुचीविषयक निकषांना शैक्षणिक क्षेत्रात प्राप्त झालेल्या वैधतेमुळे जेव्हा त्याचे पदव्यांच्या रूपातील संस्थात्मक भांडवलात रूपांतर होते, तेव्हा वर्गीय लाभाचे वैयक्तिक गुणवत्ता म्हणून विपर्यस्त आकलन होऊन सामाजिक पुनरुत्पादनास अंशतः हातभार लागतो, जरी या रूपांतराचा दर क्षेत्रनिहाय व कालानुरूप बदलता असला तरी.’

सबंध परिच्छेद म्हणजे एकच वाक्य. हे वाक्य सामान्य वाचकासाठी थोडक्यात आणायचे आहे. बहुतेक जण अवघड शब्द शोधून त्यांच्या जागी सोपे शब्द ठेवतात, पण त्याने फारसे साधत नाही. ‘हस्तांतरण’ऐवजी ‘देणे’ आणि ‘वैधता’ऐवजी ‘मान्यता’ लिहिले, तरी वाक्य तितकेच बंद राहते. कारण शब्द जड आहेत हे दुय्यम. या वाक्यात माणसेच नाहीत ही खरी अडचण. हस्तांतरण होते, रूपांतर होते, आकलन होते, पण करतो कोण याचा पत्ता नाही. म्हणून आधी प्रत्येक क्रियेला विचारायचे: कोणी केले, कोणाला, आणि ठरवून की नकळत? असे विचारत गेले की मजकूर प्रथम लांबतो. तो लांबू द्यावा, कापाकापी नंतरची.

पण विचारण्याआधी ही कल्पना आली कुठून हे ठाऊक हवे. ती फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिय यांची. जन्म 1930 चा, नैर्ऋत्य फ्रान्समधल्या बेआर्न या ग्रामीण भागातला. वडील टपाल खात्यात. तिथून ते पॅरिसच्या अत्यंत मानाच्या शिक्षणसंस्थेत पोचले. 1964 साली त्यांनी झाँ-क्लोद पासरों यांच्यासोबत ‘वारसदार’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मुलाला विद्यापीठात पोचण्याची संधी शेतमजुराच्या मुलाच्या सुमारे 80 पट होती, असा त्यातला हिशेब. फी आणि खानावळीचा खर्च यांनी एवढी तफावत समजावता येत नव्हती. शिवाय विद्यापीठात पोचलेल्यांमध्येही फरक उरतच होता. तो समजावण्यासाठी त्यांनी पैशाबरोबर आणखी एका प्रकारच्या भांडवलाचा विचार मांडला. 1979 च्या एका लेखात त्याची तीन रूपे सांगितली: अंगी मुरलेले, वस्तूंच्या रूपातले (पुस्तके, चित्रे, वाद्ये) आणि पदवी-प्रमाणपत्रांच्या रूपातले. आपल्या परिच्छेदात पहिले आणि तिसरे आहे. दुसऱ्याला तिथे जागा नाही, म्हणून आपणही त्याला मध्ये आणायचे नाही.

आता माणसे शोधू. देणारे आईवडील, घेणारी मुले. देतात काय? बोलण्याची ढब, वाचनाची सवय, कोणत्या गोष्टीला दाद द्यायची याचा अंदाज. हे जेवताना चाललेल्या गप्पांतून, घरात पडलेल्या पुस्तकांतून, बऱ्याच वर्षांत आणि बहुधा न ठरवता मुलांत उतरते. वडिलांनी मुलाच्या नावे फ्लॅट केला तर सोसायटीभर कळते. असे काही मुलांत उतरले तर घरातल्यांनाही कळत नाही. ‘अदृश्य’ या शब्दामागे एवढेच आहे.

पुढची पायरी निसरडी आहे. ‘प्रभुत्वशाली वर्गाच्या निकषांना प्राप्त झालेली वैधता.’ कोणी दिली ती? शाळेने, परीक्षकाने, पेपर तपासणाऱ्याने. नेमके सांगायचे तर: कसे बोलणे चांगले आणि कसे लिहिणे सफाईदार हे शाळा ठरवते, आणि ठरवताना वरच्या वर्गातल्या घरांत चालते तेच माप वापरते. ते माप मुलाला शिकवण्याची जबाबदारी मात्र ती फारशी घेत नाही. ज्याच्या घरी ते आधीच होते त्याला ते आले, बाकीच्यांनी आपापले बघावे.

आणि विपर्यस्त आकलन? इथे एक खरे प्रकरण पाहिले म्हणजे अर्थ हाताला लागतो. 1975 साली बोर्दिय आणि मोनिक द सँ-मार्तँ यांनी पॅरिसमधल्या एका तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाची कार्डे तपासली. प्रतिष्ठित प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या मुलींची ही कार्डे. प्रत्येकीचे गुण, त्यांवर शिक्षकाचे शेरे आणि आईवडिलांचा व्यवसाय. गुण तेवढेच असले, तरी साध्या घरातल्या मुलीला शेरा अधिक कडक मिळे. तिच्या वाट्याला कष्टाळू, सपक, जड अशा धाटणीची विशेषणे येत. सुशिक्षित, सुस्थित घरातलीच्या वाट्याला सफाई आणि प्रभुत्व यांचे कौतुक. शिक्षक जाणूनबुजून पक्षपात करत होता असे या अभ्यासाचे म्हणणे नाही. त्याला आपण फक्त तत्त्वज्ञानाचे निबंध तपासतो आहोत असेच वाटत होते. वर्ग पाहिला जात होता, पण तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांना बुद्धी म्हणून दिसत होता. ज्यांना तो शेरा मिळाला त्यांनाही पुढे आपली कुवत तेवढीच वाटली तर नवल नाही.

एवढे उलगडल्यावर कापायला घ्यावे. आणि इथेच घात होतो. घाईत केलेला संक्षेप साधारण असा उतरतो:

‘सुशिक्षित आईवडील मुलांवर चांगले संस्कार करतात, त्यांना वाचनाची आणि कलेची गोडी लावतात. त्यामुळे ती मुले अभ्यासात पुढे जातात. गरीब घरांतल्या मुलांना हे मिळत नाही, म्हणून ती मागे पडतात.’

सोपे आहे, ओघवते आहे आणि मूळ म्हणण्याच्या जवळपास उलट आहे. शाळा नाहीशी झाली. माप कोणाचे हा प्रश्न गेला आणि ‘चांगले’ या एका शब्दाने ते माप खरेच ठरवून टाकले. मुळात ज्या गैरसमजावर बोट ठेवले होते, तोच गैरसमज संक्षेपाने निष्कर्ष म्हणून छापला. असे होण्याला एक साधे कारण आहे. मुलांचे आणि आईवडिलांचे चित्र ओळखीचे असते, म्हणून ते मनात राहते. शाळेचे माप ‘मुळे’ प्रत्यय लावलेल्या एका लांबलचक पोटवाक्यात दडलेले असते, म्हणून ते आधी गळते.

ही चूक घाईत लिहिणाऱ्यांपुरती नाही. इंग्लंडमध्ये शाळांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी यंत्रणेने 2019 च्या आपल्या निकषांत सांस्कृतिक भांडवल हा शब्दप्रयोग घेतला. तिथे त्याचा अर्थ, सुशिक्षित नागरिक होण्यासाठी विद्यार्थ्यांना लागणारे आवश्यक ज्ञान, म्हणजे मानवी विचारातले आणि निर्मितीतले उत्तमोत्तम, असा केला गेला. मुलांना ते ज्ञान द्यावे यात वाईट काही नाही. पण ‘उत्तम कोणी ठरवले’ हा बोर्दियंचा प्रश्न त्या व्याख्येत उरला नाही, आणि समाजशास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली ती याचसाठी. शाळेवर केलेली टीका शाळेच्याच कामांच्या यादीत जाऊन बसली.

मी केलेला संक्षेप असा:

‘शिकलेल्या, सुस्थित घरांतली मुले बोलण्या-वाचण्याची जी ढब नकळत उचलतात, तीच शाळा चांगली मानते. त्या ढबीला गुण मिळतात, गुणांची पदवी होते आणि घरचा फायदा मुलाची स्वतःची हुशारी मानला जातो. वर्ग पिढ्यान्‌पिढ्या टिकण्याचे हे एक कारण. त्याचे वजन जागा आणि काळ यांप्रमाणे कमीजास्त होते.’

मूळ मजकुराहून लहान. पैशाशी केलेली तुलना मी सोडली. तिचे काम ‘नकळत’ने बऱ्यापैकी भागते. आधी ‘हुशारी म्हणून खपतो’ असे लिहावेसे वाटत होते. वाक्य चटकदार झाले असते, पण ‘खपतो’ म्हटले की कोणीतरी लबाडी केल्याचा वास येतो, आणि कार्डांवाल्या शिक्षकाच्या प्रकरणात लबाडी कोणाचीच नव्हती.

‘अंशतः’ मात्र काढायचा नाही. असले शब्द पहिल्याच झटक्यात उडवले जातात, कारण ते पुळचट वाटतात. पण 2001 मध्ये अ‍ॅलिस सलिवन यांनी इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काय दिसले ते पाहा. वाचनाच्या सवयीचा मुलांच्या भाषेशी आणि परीक्षेतल्या यशाशी संबंध होता. संग्रहालये, नाटके, मैफली यांना जाण्याचा तसा परिणाम मात्र दिसला नाही. आणि हे सगळे हिशेबात धरल्यावरही घरच्या वर्गाचा बराचसा परिणाम शिल्लकच राहिला. म्हणजे सांस्कृतिक भांडवल तफावतीचा काही भाग समजावते, सगळा नाही. ‘अंशतः’ उडवला की एका शब्दाने दावा दुप्पट होतो. याच अभ्यासातून आणखी एक धडा मिळतो: संक्षेप करण्याआधी त्या निबंधात लेखकाने प्रत्यक्षात मोजले काय ते पाहावे. कोणी मैफली मोजतो, कोणी पुस्तके, कोणी आईवडील शिक्षकांशी कसे बोलतात ते घरी बसून न्याहाळतो. वरचे लेबल एकच असले तरी आतला माल निराळा असतो.

संक्षेप जमला की नाही याची माझी तपासणी अशी. विषयाशी संबंध नसलेल्या कोणाला तो वाचून दाखवायचा आणि विचारायचे, ‘मग यात दोष कोणाचा?’ उत्तर ‘गरीब आईबापांचा, ते लक्ष देत नाहीत’ असे आले तर शाळा कुठेतरी गळली आहे. ‘शिक्षक बदमाश आहेत’ असे आले तर ‘नकळत’ गळले. ‘म्हणजे अभ्यास करून उपयोगच नाही तर’ असे आले तर ‘एक कारण’ पुरेसे ठळक झालेले नाही.

मराठी वाचकासाठी लिहिताना एक मोह हटकून होतो: फ्रेंच निबंधाच्या जागी इथला निबंध आणि पॅरिसच्या शिक्षकाच्या जागी इथला प्रमाणभाषेचा आग्रही शिक्षक बसवण्याचा. चित्र पटकन पटते. पण बोर्दियंची आकडेवारी फ्रान्सची आहे आणि वरचा परिच्छेद वर्गाबद्दल बोलतो; इथे उदाहरण घेतले की जात आत येते, आणि ती मूळ मजकुरात नाही. भारतातल्या शाळांबद्दल सांगायचे असेल तर इथल्या अभ्यासांच्या आधारे वेगळा परिच्छेद लिहावा, आणि तो आपला आहे हे वाचकाला दिसेल अशा ठिकाणी ठेवावा.