गाठ विरघळली, तरी शस्त्रक्रिया?

गुदाशयाभोवती चरबीचं आवरण असतं; कर्करोग आधी त्यातल्या लसिकाग्रंथींत पसरतो. ते न फाडता गुदाशयासह अखंड काढायचं, हे इंग्लंडच्या बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडलं. रोग तिथेच उलटण्याचं प्रमाण त्याने खूप घटलं.

पण गाठ गुदद्वाराजवळ असेल तर पोटावर मलासाठी कायमची पिशवी येऊ शकते. ती टाळण्यासाठी ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी केमो-रेडिएशननंतर गाठ पूर्ण विरघळलेल्या निवडक रुग्णांवर शस्त्रक्रिया केलीच नाही. धाडसच ते! अशा सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत गाठ पुन्हा उगवते, बहुधा पहिल्या दोन वर्षांत आणि आतड्याच्या भिंतीतच. म्हणून त्या काळात दर तीन-चार महिन्यांनी बोटाने तपासणी आणि दुर्बीण, शिवाय ठरावीक काळाने एमआरआय. वेळीच सापडल्यास बहुतेकांवर शस्त्रक्रिया करता येते. तपासण्या चुकवणाऱ्यांनी हा मार्ग धरू नये.