नटामागची पितळी कडी

पुण्या-मुंबईत बेसिनखालचा अँगल कॉक बदलणं हे अर्ध्या तासाचं काम. भिंतीतल्या एल्बोला आटे असतात. जुना कॉक फिरवून काढायचा, नव्याला टेफ्लॉन टेप गुंडाळायची आणि तो बसवून टाकायचा. हाच हिशेब मनात धरून इंग्लंडमधल्या घरात पाना हातात घेतला, तर पहिल्याच फेऱ्यात गडबड होते. तिथे भिंतीतून बहुतेक वेळा १५ मिलिमीटर व्यासाचा साधा, गुळगुळीत तांब्याचा पाईप बाहेर आलेला असतो. त्याला आटे नसतातच. व्हॉल्व्ह त्यावर धरून ठेवते ती नटाच्या आत दडलेली ऑलिव्ह नावाची छोटी कडी.

ही कडी पितळेची किंवा तांब्याची, मधे फुगीर आणि दोन्ही कडांना निमुळती असते. पाईपवर आधी नट सरकवतात, मग कडी आणि त्यानंतर व्हॉल्व्ह. नट आवळला की कडी नट आणि व्हॉल्व्हच्या तोंडामध्ये दाबली जाते, आकसते आणि पाईपला घट्ट चावते. पाणी अडतं ते या चाव्यापाशी. नटाचे आटे फक्त दाब देतात, म्हणून त्यांच्यावर टेप गुंडाळून काही साधत नाही.

स्लाउमधल्या एका मित्राच्या घरी थंड पाण्याचा व्हॉल्व्ह असाच पाझरत होता. आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते पाहिलं. सगळं कोरडं पुसून टिश्यू पेपरचे तुकडे एकेका जोडाला टेकवले. भिंतीकडच्या नटापाशी ओल सापडली असती, तर तो नट किंचित आवळून भागलं असतं. पण ओल येत होती दांड्याच्या मुळाशी, जिथे हिरवट-पांढरं कीटण साचलं होतं. तिथला छोटा नट आवळूनही ठिबक थांबली नाही, तेव्हा व्हॉल्व्ह बदलायचं ठरलं. घर भाड्याचं असतं, तर मात्र पान्याला हात लावण्याआधी मालकाला फोन करायला हवा होता.

पाणी बंद करताना एक मेख असते. स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा मुख्य स्टॉपकॉक फिरवला की थंड पाणी थांबतं. माळ्यावर टाकी आणि कपाटात गरम पाण्याचा सिलिंडर असलेल्या जुन्या घरात गरम पाणी मात्र टाकी रिकामी होईपर्यंत येत राहतं. त्याचा वेगळा व्हॉल्व्ह शोधावा लागतो. वर्षानुवर्षं न हललेला स्टॉपकॉक पूर्ण बंद होत नसेल, तर काम तिथेच थांबवावं. पाणी थांबल्यावर खालच्या मजल्यावरचा नळ उघडून पाईप रिकामा करायचा आणि व्हॉल्व्हखाली टमरेल ठेवायचं.

आता नट. मित्राने पाना लावून जोर दिला, तशा वहिनी ओरडल्या, “अहो, थांबा! भिंतीतला पाईपच फिरतोय!” त्यांचं लक्ष नसतं, तर आतला झाळलेला जोड पिळवटून सुटला असता आणि टाइल फोडायची वेळ आली असती. म्हणून दोन पाने लागतात. एकाने व्हॉल्व्हचं धड जागच्या जागी धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा. दिशाही फसवी असते. हा नट भिंतीकडून व्हॉल्व्हवर चढलेला असतो, त्यामुळे समोरून पाहणाऱ्याला तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला तर सुटतो. सवयीने उलटा फिरवणारा माणूस आधीच आवळलेला नट आणखी आवळत बसतो.

नट सुटला, वरची नळी काढली की व्हॉल्व्ह हलकेच ओढून निघतो. पाईपवर उरतात जुना नट आणि रुतलेली कडी. ‘राहू दे की, त्यावरच नवा व्हॉल्व्ह बसवू,’ असा मोह होतो. कधी कधी ते जमतंही. पण जुन्या कडीचा आकार जुन्या व्हॉल्व्हच्या तोंडात बसलेला असतो आणि दोन कंपन्यांच्या नटांचे आटे तंतोतंत जुळतीलच असं नाही. मी तरी नट आणि कडी दोन्ही नवीच घालेन.

कडी काढायला ऑलिव्ह पुलर नावाचं छोटं हत्यार मिळतं. त्याची मधली दांडी पाईपच्या तोंडावर टेकते आणि बाहेरचा भाग जुन्या नटाला पकडतो. स्क्रू फिरवत गेलं की नट पुढे येतो आणि कडीला मागून ढकलत बाहेर काढतो. याची खरी खुबी म्हणजे सगळा जोर पाईपचं टोक आणि कडी यांच्यातच राहतो, भिंतीतल्या जोडावर ताण येत नाही. पक्कडीत धरून कडी पिळून काढायच्या फंदात पडू नये. पाईपची भिंत जेमतेम ०.७ मिलिमीटर जाडीची असते. पक्कडीने तो दबून अंडाकृती झाला, की त्यावर कुठलीच कडी नीट बसत नाही.

पुलर नसेल तर छोट्या हॅकसॉने काम होतं, पण सावकाश. नट भिंतीकडे मागे सरकवायचा आणि कडीवर तिरका काप घ्यायचा. पातं पाईपच्या लांबीला समांतर धरलं आणि हात जरा जास्त चालला, तर तांब्यावर लांब चर पडते आणि नव्या कडीखालून पाण्याला आयती वाट मिळते. तिरकं पातं पाईपला टेकलंच, तर थोड्याच जागी टेकतं. कडीची बरीचशी जाडी कापली गेली, खाचेच्या तळाशी पातळ पापुद्रा उरला, की करवत थांबवायची. खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून पिळला की पितळी कडी टचकन तडकते. तांब्याची कडी मऊ असते, ती तडकण्याऐवजी वाकत उघडते, म्हणून तिला दोन-तीनदा पिळावं लागतं. पितळ की तांबं, हे करवतीने उघड्या पाडलेल्या धातूच्या रंगावरून कळतं.

मग पाईप बारीक स्टील वूलने साफ करून त्यावरून नख फिरवायचं. नख अडकेल एवढी खोल चर असेल, किंवा आधीच्या कुणी नट बेफाम आवळल्याने पाईपला कंबर आल्यासारखी दिसत असेल, तर तेवढा तुकडा पाईप कटरने कापून टाकावा. त्यानंतर भिंतीबाहेर अडीच-तीन सेंटिमीटर सरळ, गोल पाईप उरायला हवा. तेवढा उरत नसेल तर प्लंबर बोलवावा, कारण पुढचं काम भिंत उघडण्याचं असू शकतं. मित्राच्या पाईपवर फक्त फिकट वर्तुळ उमटलं होतं, ते चालतं.

जोडणी सोपी आहे. कव्हरची चकती, नवा नट, नवी कडी, मग व्हॉल्व्ह. पाईप व्हॉल्व्हच्या आत अगदी शेवटपर्यंत टेकला पाहिजे. नट आधी हाताने घट्ट करायचा, मग व्हॉल्व्ह दुसऱ्या पान्याने धरून साधारण एक फेरा द्यायचा. वर जाणाऱ्या नळीचा जोड वायसरवर बंद होतो, तिथेही टेप नको.

स्टॉपकॉक हळूहळू उघडायचा. पूर्ण उघडला की पाव फेरा मागे घ्यायचा, म्हणजे तो पुढच्या वेळी अडकून बसणार नाही. मग पुन्हा टिश्यू पेपर. मित्राच्या नटाखाली दहा मिनिटांनी एक थेंब जमला. अष्टमांश फेरा आवळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कागद कोरडा निघाला. तसं दोनदा आवळूनही ओल राहिली, तर तिसऱ्यांदा जोर लावू नये. पाणी बंद करून जोड उघडावा आणि कडी तिरकी बसलीय का ते पाहावं.