अधिकार तोच, चूक कोणती?

सरकारी आदेशावर राग आला की माणूस वकिलाला पहिलं वाक्य सांगतो, ‘साहेबांनी मुद्दाम केलंय.’ पण कोर्टात हाच आरोप सिद्ध करायला सर्वांत अवघड असतो आणि बऱ्याचदा त्याची गरजही नसते.

मुंबई राज्यातलं फायरस्टोन टायर कंपनीचं प्रकरण घ्या. १९५२-५३च्या बोनससह काही मागण्यांवर तडजोड फसली. पुढे हा वाद न्यायाधिकरणाकडे पाठवायचा की नाही, हे सरकारच्या हाती होतं; नाकारलं तर कारण कळवणं कायद्याने बंधनकारक. सरकारने नकार दिला आणि कारण कळवलं: त्या वर्षी कामगारांनी मुद्दाम संथ काम केलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६०मध्ये हे कारण गैरलागू ठरवलं. मागणीत तथ्य आहे का, हे पाहण्याऐवजी सरकार कामगारांना जणू शिक्षा करत होतं. इथे कोणाच्या मनात शिरावं लागलं नाही. चूक कारणांच्या कागदावरच होती.

दुसरी चूक अधिकाराच्या उद्दिष्टात असते. सिडनीच्या नगरपालिकेने मार्टिन प्लेसजवळची जमीन ‘शहर सुधारणेसाठी’ घ्यायचं ठरवलं, पण सुधारणेचा आराखडाच नव्हता. रस्ता वाढल्यावर चढणारा जमिनीचा भाव पालिकेला मिळावा, हा खरा बेत होता. प्रिव्ही कौन्सिलने १९२५मध्ये तो अडवला. वैर कोणाशीच नव्हतं, नफाही सार्वजनिक तिजोरीत जाणार होता. तरी कायद्याने त्या कामासाठी अधिकार दिला नव्हता. चांगल्या हेतूने ही चूक धुतली जात नाही.

तिसरी चूक माणसाच्या मनातली. आंध्रात कर्नूल भागातले खासगी बसमार्ग सरकारी महामंडळाकडे घ्यायची योजना कायद्यात बसणारी होती. पण तज्ज्ञ समितीने दिलेला क्रम बदलून कर्नूल पुढे आणलं गेलं. मुख्यमंत्री संजीव रेड्डी यांनी राजकीय विरोधकांच्या बस बंद पाडण्यासाठी हे घडवलं, असा बसमालकांचा आरोप होता. मुख्यमंत्र्यांनी स्वतः प्रतिज्ञापत्र देऊन तो नाकारला नाही. १९६४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजना रद्द केली आणि रेड्डींनी राजीनामा दिला.

सीमा नेहमी इतक्या स्वच्छ नसतात. एकाच आदेशात तिन्ही दोष सापडू शकतात. म्हणून आधी आदेशातलं कारण वाचा: कायद्याने पाहायला सांगितलेल्या गोष्टींशी त्याचा संबंध आहे का? मग फाइल, ठराव, आराखडे मागवून अधिकार कशासाठी वापरला ते तपासा. दुष्ट हेतूचा आरोप मात्र तारखा, प्रसंग आणि नावासकटच करा, त्या व्यक्तीला याचिकेत पक्षकार करा. नुसता संशय कोर्ट ऐकत नाही. आणि कारणच गैरलागू असेल, तर साहेबांचं मन सिद्ध करत बसू नका.