गिऱ्हाईक मिळालं, पण पैसे कधी सुटणार?

लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल ऑनलाइन विकणारं एक दुकान समजा. गिऱ्हाईक एका वेळी 900 रुपयांचं तेल घेतं आणि ते त्याला दोनेक महिने पुरतं. इन्स्टाग्रामवर जाहिरात करून एक नवं गिऱ्हाईक मिळवायला 500 रुपये लागतात. हिशेब सोपा जावा म्हणून घेतलेले हे आकडे आहेत. तुमचे वेगळे असतील.

गैरसमज: 500 घातले, 900 आले, म्हणजे जाहिरात फायद्यात आहे.

जाहिरातीच्या डॅशबोर्डवर 1.8 रोआस दिसतो आणि मालक खूश होतो. पण त्या 900 मधून तेल, बाटली, खोकं, कुरिअर, जीएसटी आणि परत आलेल्या पार्सलांचा भुर्दंड वजा केला, की हातात राहतात 200. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल दारातून परत गेलं, तरी डॅशबोर्ड ते विक्रीतच धरतो, हेही विसरू नका. थोडक्यात, पहिल्या ऑर्डरला दुकान गिऱ्हाइकामागे 300 रुपये खड्ड्यात आहे.

हा खड्डा भरतो पुढच्या ऑर्डरींनी. समजा 100 गिऱ्हाइकांपैकी दोन महिन्यांनी 45 जण पुन्हा घेतात, चार महिन्यांनी 35, सहा महिन्यांनी 30, आठ महिन्यांनी 28 आणि दहा महिन्यांनी 26. दर ऑर्डरला 200 सुटतात. खर्च झाले होते 50,000. आठ महिन्यांनी वसूल झालेले असतात 47,600 आणि दहा महिन्यांनी 52,800. म्हणजे या दुकानाचा पेबॅक पिरियड, पैसे परत येण्याचा काळ, दहा महिन्यांचा.

गैरसमज: शेवटी फायदाच आहे ना, मग बजेट वाढवायला हरकत काय?

हरकत रोकडीची आहे. दरमहा 1 लाख जाहिरातीवर घातले, तर महिन्याला 200 नवी गिऱ्हाइकं येतात आणि त्यांच्या पहिल्या ऑर्डरींतून 40,000 सुटतात. उरलेले 60,000 खिशातून जातात. दुसऱ्या महिन्यातही तेवढेच. तिसऱ्या महिन्यापासून जुनी गिऱ्हाइकं परत येऊ लागतात, तशी तूट 42,000 वर येते, मग 28,000, मग 16,000, मग 4,800. प्रत्येक पायरीवर दोन-दोन महिने. अकराव्या महिन्यात पहिल्यांदा 5,600 रुपये वर राहतात. तोवर एकूण 3,01,600 रुपये गुंतलेले असतात, आणि यात गाळ्याचं भाडं आणि पगार धरलेले नाहीत.

यावरून या दुकानाची वेगमर्यादा कळते. महिन्याचं बजेट 10 हजारांनी वाढवायचं, तर सुमारे 30 हजार रुपये बाजूला हवेत. दर महिन्याला 10 हजार वाढवत गेलात, तर दर महिन्याला असे नवे 30 हजार लागणार. कितीतरी दुकानं याच टप्प्यावर अडकतात: विक्री चढती आणि शेंगदाणेवाल्याचं बिल थकलेलं.

आता याच हिशेबातली एक गोष्ट बदलून पाहू. समजा दुकानाचं ‘दर ऑर्डरवर 100 रुपये सूट’ हे कूपन होतं आणि ते पहिल्या ऑर्डरपुरतं बंद केलं, म्हणजे पहिल्या ऑर्डरला 200 ऐवजी 300 सुटले. पेबॅक दहा महिन्यांवरून सहावर येतो आणि गुंतणारी रक्कम तीन लाखांवरून 1,40,000 वर. म्हणजे त्याच भांडवलात दुपटीहून जास्त बजेट पेलतं. कूपन काढल्यावर नवं गिऱ्हाईक थोडं महाग पडेल हे खरं. पण ते 500 चं 600 होईपर्यंत तुम्ही आधीपेक्षा तोट्यात नाही. माझ्या मते बहुतेक दुकानदारांनी जाहिरातीच्या चित्रांशी खेळण्याआधी हे करून पाहावं.

गैरसमज: बजेट दुप्पट केलं की गिऱ्हाइकंही दुप्पट.

ज्यांना असं तेल हवंच होतं, ते आधी सापडतात. पुढची माणसं महाग पडतात. समजा 1 लाखाला 200 गिऱ्हाइकं मिळत होती आणि 2 लाखांना 330 मिळाली. सरासरी 606 रुपये, फार वाईट वाटत नाही. पण वाढीव लाखाने आणली फक्त 130, म्हणजे प्रत्येकी 769 रुपयांना. दहा महिन्यांत एक गिऱ्हाईक सरासरी 528 रुपयेच परत देतं. वाढीव लाख दहा महिन्यांत सुटत नाही, आणि सरासरीत ते दिसत नाही.

म्हणून बजेट वाढवण्याआधी ऑर्डरींची शीट उघडा आणि गिऱ्हाइकांना पहिल्या ऑर्डरीच्या महिन्यानुसार वेगळं करा. दिवाळीच्या महिन्यातली यादी स्वतंत्र ठेवा. फराळापुरतं तेल घेणारा पुन्हा येईलच असं नाही. प्रत्येक यादीपुढे त्या महिन्याचा जाहिरात खर्च आणि आजवर सुटलेले पैसे लिहा. सहा महिन्यांपूर्वीची यादी अजून निम्म्यावरही आली नसेल, तर या महिन्यात बजेटला हात लावू नका.